मॉडेलला जे दिसलं नाही, तेही पत्रात

ज्युनिअर ॲनालिस्टच्या जागेसाठी नवखे उमेदवार जी पत्रं पाठवतात, त्यांत एक वाक्य थोड्याफार फरकाने नेहमी भेटतं : ‘रिग्रेशन मॉडेल तयार करून ९५ टक्के अचूकता मिळवली.’ वाक्य रुबाबदार आहे. पण ज्याने रिग्रेशनवर काम केलं आहे तो ते वाचताना तिथेच अडखळतो. रिग्रेशनचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असं येत नाही, आकड्यात येतं. गाडी लिटरमागे किती किलोमीटर धावेल, घर किती लाखांना जाईल, उद्या किती सायकली भाड्याने उठतील, असे ते आकडे. आकडा बरोबर आला की चुकला असा निकाल इथे लागत नाही. तो खऱ्या आकड्यापासून किती लांब पडला, हे मोजायचं असतं. मग ९५ टक्के नेमके कशाचे?

बहुतेक वेळा उमेदवाराच्या मनात असतो तो आर-स्क्वेअर नावाचा आकडा. मूळ आकड्यांमध्ये जो चढउतार आहे त्यातला किती भाग मॉडेलने टिपला, एवढंच तो सांगतो. तो सहसा शून्य ते एकच्या दरम्यान असतो. ०.९५ आला म्हणून अंदाज शंभरांपैकी पंच्याण्णव वेळा खरा ठरेल, असं मुळीच नाही. म्हणजे या एका वाक्यात वाचणाऱ्याला उमेदवाराची कुवत कळत नाही, कळतो तो त्याच्या समजुतीतला गोंधळ.

याच जागी दुसऱ्या तऱ्हेने लिहिता येतं. कसं, ते दोन खऱ्या, सर्वांना खुल्या असलेल्या डेटासेटवरून पाहू. उमेदवार मात्र कल्पनेतली. समजा, सांख्यिकी घेऊन बी.एस्सी. झालेली एक मुलगी पुण्यातल्या एका कंपनीत अर्ज करते आहे. नोकरीचा अनुभव नाही, हाताशी शिकताना केलेले दोन प्रोजेक्ट आहेत. पत्र तिला इंग्रजीतच पाठवायचं आहे. इथे त्यातला मजकूर मराठीत मांडला आहे.

तिचा पहिला प्रोजेक्ट बत्तीस गाड्यांचा आहे. ‘मोटर ट्रेंड’ या अमेरिकी मासिकाच्या १९७४ सालच्या अंकातून घेतलेली ही माहिती `mtcars` या नावाने आर या सॉफ्टवेअरबरोबरच येते, त्यामुळे रिग्रेशन शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या हातून ती एकदा तरी जाते. प्रश्नही ठरलेला : हाताने गिअर टाकायची गाडी जास्त मायलेज देते की ऑटोमॅटिक?

सरासरी काढली की उत्तर लगेच मिळाल्यासारखं वाटतं. एकोणीस ऑटोमॅटिक गाड्यांचं सरासरी मायलेज गॅलनमागे १७.१ मैल, तर तेरा मॅन्युअल गाड्यांचं २४.४ मैल. आपल्या हिशेबात सांगायचं तर लिटरमागे सुमारे ७.३ आणि १०.४ किलोमीटर. तीन किलोमीटरांचा फरक, आणि तो निव्वळ योगायोगाने पडला असण्याची शक्यता फारच कमी. अनेक उमेदवार इथेच थांबतात आणि पत्रात लिहून मोकळे होतात : ‘मॅन्युअल गिअरमुळे मायलेज सात मैलांनी वाढतं, हे सिद्ध केलं.’

आता याच मॉडेलमध्ये गाडीचं वजन घालायचं. दोन ओळींचं काम आहे :

```
summary(lm(mpg ~ am, data = mtcars))
summary(lm(mpg ~ am + wt, data = mtcars))
```

पहिल्या ओळीत `am` समोर ७.२४५ येतो. दुसऱ्या ओळीत त्याच `am` समोर उणे ०.०२४. सात मैलांचा फरक जवळजवळ शून्यावर आला. आर-स्क्वेअर मात्र ०.३६ वरून ०.७५ वर गेला. गंमत अशी, की गिअर वगळून नुसतं वजन ठेवलं तरीही तो ०.७५ च राहतो.

झालं काय, ते गाड्यांच्या यादीवर नजर टाकली की उलगडतं. या यादीतल्या ऑटोमॅटिक गाड्यांचं सरासरी वजन सुमारे १,७१० किलो आहे आणि मॅन्युअल गाड्यांचं १,०९० किलोच्या आसपास. एका बाजूला लिंकन कॉन्टिनेंटलसारखी जवळपास अडीच टनांची धूड, दुसऱ्या बाजूला होंडा सिव्हिक, टोयोटा कोरोला, फियाट १२८. पहिल्या मॉडेलला वजन माहीतच नव्हतं, म्हणून वजनामुळे पडलेला फरक त्याने गिअरच्या नावावर टाकला.

इथवर पोचलेला उमेदवार हुशार. पण इथेच दुसरा, अधिक फसवा मोह असतो. ‘वजन धरलं की गिअरचा मायलेजवर काहीही परिणाम होत नाही, हे दाखवून दिलं’ असं लिहायचा. हेही मॉडेल म्हणत नाही. उणे ०.०२४ हा एक अंदाज आहे आणि त्याभोवती अनिश्चिततेचा पट्टा आहे. ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल काढला, तर तो उणे ३.२ पासून अधिक ३.१ मैलांपर्यंत पसरतो. म्हणजे मॅन्युअल गाडी लिटरमागे सव्वा-दीड किलोमीटर जास्त देत असेल किंवा तेवढंच कमी देत असेल. हा डेटा दोन्हींपैकी काहीच नाकारत नाही. फरक नाही असं आढळणं वेगळं आणि फरक आहे की नाही ते न कळणं वेगळं. पत्र वाचणारा अनुभवी ॲनालिस्ट नेमकं याच जागी थांबून पाहतो, की उमेदवाराला हे उमगलं आहे का.

पट्टा एवढा रुंद का? बत्तीसच गाड्या, हे एक कारण. दुसरं कारण शोधायला यादी वजनाप्रमाणे लावावी लागते. तीन हजार पौंडांच्या, म्हणजे साधारण १,३६० किलोंच्या खाली ऑटोमॅटिक गाडी एकच आहे : टोयोटा कोरोना. त्याच्या वर मॅन्युअल गाड्या दोनच : फोर्ड पँटेरा आणि मासेराती बोरा. दोन्ही आठ सिलिंडरच्या स्पोर्ट्स गाड्या. म्हणजे ‘सारख्या वजनाच्या मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक गाड्यांची तुलना’ असं म्हणताना प्रत्यक्षात तुलनेला जोड्याच फार थोड्या आहेत.

त्यातल्या दोन जोड्या मांडून पाहू. मासेराती बोरा आणि प्लिमथ डस्टर ३६० यांचं वजन अगदी सारखं, ३,५७० पौंड. मॅन्युअल बोरा १५.० मैल देते, ऑटोमॅटिक डस्टर १४.३ मैल. मॅन्युअल किंचित पुढे. आता पँटेरा घ्या : ३,१७० पौंड, मायलेज १५.८ मैल. तिच्या शेजारी ३,१५० पौंडांची ऑटोमॅटिक मर्सिडीज २३० ठेवा : मायलेज २२.८ मैल. इथे ऑटोमॅटिक सात मैलांनी पुढे! कारण गिअरमध्ये नाही. पँटेराचं इंजिन २६४ हॉर्सपॉवरचं, मर्सिडीजचं ९५ हॉर्सपॉवरचं. दोन जोड्या, दोन उलट उत्तरं. मॉडेलचा तो रुंद पट्टा कुठून आला, ते या चार गाड्याच सांगतात.

एवढं समजल्यावर पत्रातला परिच्छेद असा लिहिता येतो :

‘१९७४ मधल्या ३२ गाड्यांच्या माहितीवर मी मायलेजचं रिग्रेशन केलं. नुसत्या सरासरीने मॅन्युअल गाड्या गॅलनमागे ७.२ मैल पुढे दिसत होत्या. वजन धरल्यावर हा फरक जवळपास शून्य झाला, पण त्याचा इंटरव्हल उणे ३.२ ते अधिक ३.१ मैल इतका रुंद आहे, म्हणून गिअरचा परिणाम नाही असं मी म्हणू शकत नाही. हलक्या गाड्यांत ऑटोमॅटिक एकच आणि जड गाड्यांत मॅन्युअल दोनच असल्यामुळे हा प्रश्न या डेटावर सुटणारा नाही.’

यात तिने स्वतःकडे कमीपणा घेतलेला नाही. ‘डेटा थोडा होता, त्यामुळे मर्यादा आहेत’ असं मोघम वाक्य कुणीही, कुठल्याही प्रोजेक्टखाली चिकटवू शकतो. इथे मर्यादा नेमकी कुठे आहे, किती आहे आणि कशामुळे आहे ते आलं आहे. ती माहिती यादी वजनाप्रमाणे लावून पाहिल्याशिवाय हाती लागत नाही, आणि काम स्वतः केल्याची ती खूण आहे.

त्याच मॉडेलबद्दल आणखी एक गोष्ट तिला माहीत असायला हवी, पत्रात नसली तरी मुलाखतीसाठी. नुसत्या वजनाच्या रेषेचं सूत्र असं येतं : मायलेज बरोबर ३७.३ वजा ५.३४ गुणिले वजन, वजन हजार पौंडांत. शंभर किलोंमागे लिटरला साधारण अर्धा किलोमीटर कमी, असा त्याचा ढोबळ अर्थ. पण यात सात हजार पौंड घातले तर मायलेज शून्याच्याही खाली जातं. सूत्राला त्याची पर्वा नसते, सांगितलेली रेषा ते पुढे ओढत राहतं. यादीतली सगळ्यात जड गाडी ५,४२४ पौंडांची आहे. त्यापलीकडे ही रेषा कुणी पाहिलेलीच नाही.

दुसरा प्रोजेक्ट सायकलींचा. अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टनमध्ये, ‘कॅपिटल बाइकशेअर’ ही भाड्याच्या सायकलींची योजना चालते. तिच्या २०११ आणि २०१२ या दोन वर्षांच्या नोंदी, हवामान आणि सुट्ट्यांच्या माहितीसह, एकत्र करून खुल्या ठेवलेल्या आहेत. दिवसवार फाइलमध्ये ७३१ ओळी आहेत. प्रश्न साधा : हवामान, वार आणि महिना माहीत असेल तर त्या दिवशी किती सायकली भाड्याने जातील?

या फाइलमध्ये एक सापळा आहे आणि त्यात पडणारे पुष्कळ असतात. एकूण भाड्यांचा स्तंभ आहे `cnt`. त्याच्या शेजारी दोन स्तंभ : `casual` म्हणजे सभासद नसलेले आणि `registered` म्हणजे सभासद. पहिल्याच ओळीत, १ जानेवारी २०११ ला, त्यांत ३३१ आणि ६५४ हे आकडे आहेत. `cnt` मध्ये ९८५. बेरीज करून पाहिली की लख्ख दिसतं, की जे ओळखायचं आहे ते या दोन स्तंभांत आधीच लिहून ठेवलेलं आहे. हे दोन्ही मॉडेलला दिले तर आर-स्क्वेअर १ येतो, चूक शून्य. पण उद्या किती सभासद सायकल घेतील हे आज कुणाला माहीत असतं? अंदाज करायच्या वेळी जी माहिती हाती नसणार, ती मॉडेलला पुरवणं म्हणजे पेपर फुटल्यावर परीक्षा घेणं. या क्षेत्रातली माणसं याला ‘लीकेज’ म्हणतात. एखाद्या नवख्या उमेदवाराने ०.९९ चा आर-स्क्वेअर मिरवला की अनुभवी वाचक सगळ्यात आधी हीच शंका घेतो.

आपली उमेदवार हे दोन स्तंभ काढून टाकते. तरी एक अवघड जागा उरते, आणि ती तपासणीच्या पद्धतीत आहे.

मॉडेल तपासायचं म्हणजे काही ओळी झाकून ठेवायच्या, बाकीच्यांवर मॉडेल शिकवायचं आणि मग झाकलेल्या ओळींवर त्याची परीक्षा घ्यायची. नेहमीची रीत म्हणजे या ओळी चिठ्ठ्या काढल्यासारख्या कुठूनही उचलायच्या. गाड्यांच्या यादीत ते चालतं. दिवसांच्या यादीत त्यामुळे फसगत होते, कारण झाकलेल्या मंगळवारच्या अलीकडचा सोमवार आणि पलीकडचा बुधवार मॉडेलने आधीच पाहिलेले असतात. खऱ्या कामात असं कधी होत नाही. तिथे कालपर्यंतचं माहीत असतं आणि उद्याचं सांगायचं असतं.

म्हणून ती २०११ वर मॉडेल शिकवते आणि २०१२ वर तपासते. आता चित्र बदलतं. २०११ मध्ये एकूण १२,४३,१०३ भाडी झाली, २०१२ मध्ये २०,४९,५७६. दिवसाची सरासरी ३,४०६ वरून ५,६०० वर गेली. योजना नवी होती, लोकांना तिची सवय लागत होती. मॉडेलला मात्र फक्त ऊन, पाऊस, वारा आणि वार ठाऊक. त्याला २०१२ चा एखादा छान उबदार शनिवार दाखवला, तर ते २०११ च्या तशाच शनिवाराचा आकडा सांगतं आणि बरंच खाली राहतं.

यावर एक झटपट उपाय सुचतो : वर्षाचा स्तंभ `yr` मॉडेलला द्यायचा. त्यात २०११ साठी ० आणि २०१२ साठी १ आहे. दोन्ही वर्षांच्या ओळी मिसळून शिकवलं की चूक झपाट्याने कमी होते आणि आलेख देखणा दिसतो. पण मग २०१३ साठी काय लिहायचं? २ लिहिलं तर आपण गृहीत धरलं, की पहिल्या वर्षी झाली तेवढीच वाढ पुन्हा होणार. ते खरं असेलही, नसेलही. या डेटात त्याबद्दल एक शब्द नाही. दोन वर्षांच्या नोंदींत वाढीचं एकच पाऊल दिसतं, आणि एका पावलावरून चालीचा वेग ठरवता येत नाही.

याखेरीज एक दिवस असा आहे, की ज्याच्याकडे पाहिल्यावर उमेदवाराला ठरवावंच लागतं. २९ ऑक्टोबर २०१२, सोमवार. त्या दिवशी भाडी झाली अवघी २२. दोन्ही वर्षांतला हा सर्वांत छोटा आकडा. सँडी चक्रीवादळाचा तो दिवस होता. कामाचा वार, ऑक्टोबर महिना एवढ्यावर मॉडेलचा अंदाज हजारांत जातो. ही ओळ गुपचूप पुसली तर निकाल थोडा सुधारतो. ठेवली तर एक मोठी चूक आलेखात उठून दिसते. पुसण्यात गैर काही नाही, गुपचूप पुसण्यात आहे. तिने ओळ ठेवली, आणि वादळासारख्या दिवसांना हे मॉडेल लागू नाही असं लिहिलं.

शेवटचा मुद्दा सगळ्यात खोलवरचा आहे, कारण तो फाइलमध्ये दिसतच नाही. नोंद होते ती भाड्याने गेलेल्या सायकलींची. सकाळी नऊ वाजता कुणी स्टँडवर आलं, स्टँड रिकामं पाहिलं आणि चालत निघून गेलं, तर त्या माणसाची नोंद कुठेच नाही. म्हणजे हे मॉडेल मागणीचा अंदाज करतं असं म्हणणं चूक ठरेल. मागणीतला जो भाग पुरा झाला, त्याचाच अंदाज ते करतं. ‘कुठे आणखी सायकली ठेवाव्यात’ हा प्रश्न कंपनीला खरा महत्त्वाचा, आणि नेमकं त्याचंच उत्तर इथे मिळत नाही.

पत्रातला दुसरा परिच्छेद मग असा होतो :

‘वॉशिंग्टनच्या सायकल योजनेच्या ७३१ दिवसांच्या नोंदींवर मी रोजच्या भाड्यांचा अंदाज करणारं मॉडेल केलं. एकूण आकड्याचेच भाग असलेले दोन स्तंभ आधी वगळले. २०११ वर शिकवून २०१२ वर तपासल्यावर मॉडेल सातत्याने कमी अंदाज देतं, कारण त्या वर्षात रोजची सरासरी ३,४०६ वरून ५,६०० झाली आणि ही वाढ हवामानातून कळत नाही. रिकाम्या स्टँडवरून परत गेलेले लोक नोंदींत नाहीत, त्यामुळे हे मागणीचं मॉडेल नाही.’

या दोन परिच्छेदांच्या आधी एक छोटा परिच्छेद, कोणत्या जागेसाठी अर्ज आहे आणि तिथल्या कामाशी हे प्रोजेक्ट कुठे जुळतात ते सांगणारा. शेवटी दोन ओळी : कोडची फाइल कुठे पाहता येईल आणि कामावर केव्हापासून रुजू होता येईल. सगळं मिळून एक पान. ‘मर्यादा’ असा वेगळा मथळा देऊन शेवटी यादी करण्याची गरज नाही. निष्कर्ष जिथे आहे, त्याच वाक्याच्या पाठोपाठ त्याची हद्द आली की वाचणाऱ्याला दोन्ही एकत्र तोलता येतात. पाच मर्यादा मोजत बसण्यापेक्षा, निष्कर्ष बदलू शकेल अशी एखादी सविस्तर सांगावी. गाड्यांच्या बाबतीत ती आहे जोड्यांची उणीव, सायकलींच्या बाबतीत दोन वर्षांमधली वाढ आणि रिकामी स्टँडं. माफीची भाषाही नको. ‘मी अजून शिकते आहे, चुका असतील’ हे वाक्य मॉडेलबद्दल काहीच सांगत नाही.

अशा पत्राची एक किंमत आहे, ती उमेदवाराने ओळखून असावी. घाईत चाळणाऱ्याच्या नजरेत ‘९५ टक्के अचूकता’ पटकन भरते, आणि ‘हा प्रश्न या डेटावर सुटणारा नाही’ हे वाक्य एखाद्याला अपयशाची कबुली वाटू शकतं. म्हणून प्रत्येक परिच्छेदाची सुरुवात काय केलं आणि काय सापडलं याने झाली आहे. सात मैलांचा फरक वजनाने पुसून टाकला, हे सापडणंच आहे. उत्तराची धूसर हद्द त्यानंतर येते.

आणि जो नीट वाचतो तो मुलाखतीत पहिला प्रश्न या वाक्यांवरच विचारतो : ‘मग हे दाखवायला तुम्ही कोणता डेटा मागवला असता?’ गाड्यांसाठी तिचं उत्तर तयार असतं. एकच मॉडेल, तेच इंजिन, तेच वजन, पण दोन्ही तऱ्हेच्या गिअरमध्ये मिळणाऱ्या गाड्या, अशा निदान काही डझन जोड्या आणि एकाच पद्धतीने मोजलेलं मायलेज. सायकलींसाठी तिला प्रत्येक स्टँड दिवसातून किती मिनिटं रिकामं होतं याची नोंद हवी असते, आणि २०१२ नंतरचं निदान एक वर्ष.

समोरचा माणूस वहीत काहीतरी टिपतो आणि दुसरा प्रश्न विचारतो : ‘रिकाम्या मिनिटांची नोंद आमच्याकडेही नाही. मग सुरुवात कुठून कराल?’

‘वेळ नोंदलेल्या भाड्यांपासून,’ ती म्हणते. ‘एखाद्या गजबजलेल्या स्टँडवर रोज सकाळी भाडी धडाधड होतात आणि साडेआठला एकदम थांबतात, असं दिसलं, तर तिथे सायकली संपत असाव्यात. खात्री नाही. पण आधी त्या स्टँडवर सकाळी कुणालातरी उभं करून पाहता येईल.’